सोळा वर्षांच्या मुलाला प्रोटीन पावडर द्यायची का, आणि जिमवाल्यांच्या लिस्टमधलं काय अजिबात घ्यायचं नाही

प्रश्न: मॅडम, मुलगा ११वीला आहे, वय १६, वजन ५८, उंची ५ फूट ७. तीन महिने झाले जिमला जातोय. तिथल्या सरांनी व्हे प्रोटीन, मास गेनर, क्रिएटिन आणि प्री-वर्कआउट अशी लिस्ट दिलीय, सगळं मिळून दहा-बारा हजार होतात. म्हणतो घरच्या जेवणात प्रोटीनच नसतं. धाकटी १४ ची आहे, तिला मैत्रिणींचं बघून मल्टिव्हिटॅमिन गमीज हव्यात. काय द्यावं आणि काय नको?

उत्तर:

दहा-बारा हजार लगेच खर्च करू नका. आधी तीन दिवस मुलगा काय काय खातो ते एका कागदावर लिहून काढा, चहा-बिस्किटं आणि बाहेरचा वडापाव पण धरून. मी बावीस वर्षं कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय आणि जिमला जाणारी १५ ते १८ ची मुलं आली की पहिल्यांदा हाच कागद मागते, कारण मुलगा म्हणतो ते अर्धं खरं असतं. त्याच्या पोटात प्रोटीन कमी जातंय हे खरं, पण घरच्या जेवणात ते नसतं हे खरं नाही, बहुतेक वेळा तो घरचं जेवण पुरेसं जेवतच नसतो.

असे कागद मी इतके बघितलेत की तुमच्याकडचा साधारण कसा असेल ते सांगते. सकाळी क्लासची घाई म्हणून चहा आणि चार बिस्किटं. कॉलेजला डब्यात तीन चपात्या आणि बटाट्याची नाहीतर भेंडीची भाजी. संध्याकाळी वडापाव किंवा मॅगी खाऊन जिम. रात्री दमलेला असतो म्हणून दोन चपात्या, थोडा भात आणि पातळ आमटी, ती पण वरची वरची. आता प्रोटीन मोजूया. चहा-बिस्किटाचे ४ ग्रॅम, एका चपातीत साधारण ३ म्हणजे डब्याचे भाजीसकट ११, वडापावाचे ६, रात्रीचे १३-१४. एकूण ३५ ग्रॅमच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १६ ते १८ च्या मुलासाठी दिवसाला साधारण ५५ ग्रॅम सांगितलेत, आणि जिम करणाऱ्या ५८ किलोच्या मुलाला मी ७५ पर्यंत धरते. म्हणजे ४० ग्रॅमचा खड्डा आहे, तो मी नाकारत नाही.

पण त्याच कागदावर कॅलरी मोजल्या की खरा प्रकार कळतो. वरचं सगळं मिळून १७००-१८०० कॅलरी होतात आणि या वयाच्या मुलाची गरज त्याच संस्थेने ३३०० च्या आसपास सांगितलीय. हा जो दीड हजार कॅलरींचा खड्डा आहे तो प्रोटीनच्या खड्ड्याइतकाच मोठा आहे आणि जिमवाले सर त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. शरीराला चालायला, वाढायला, अभ्यासाला जळण लागतं, ते मिळालं नाही तर खाल्लेलं प्रोटीन पण चुलीत जातं, स्नायू बांधायला उरतच नाही. मग महागाचा एक स्कूप घेतला तरी त्यातला बराचसा नुसता इंधन म्हणून जळतो आणि मुलगा म्हणतो पावडरने फरक पडत नाही, अजून एक स्कूप वाढवतो. त्यामुळे नुसतं प्रोटीन वाढवून काम होत नाही, जेवण वाढवावं लागतं, आणि जेवण वाढलं की प्रोटीन त्याच्याबरोबर आपोआप येतं.

हे ४० ग्रॅम कसे भरायचे ते सांगते, रोजच्या स्वयंपाकात फार उलथापालथ न करता. सकाळी दोन अंडी, त्यातून १२ ग्रॅम. त्याबरोबर एक मोठा ग्लास दूध, ८ ग्रॅम. पोहे, उपमा, थालीपीठ, रात्रीची भाकरी जे घरात असेल ते पोटभर. डब्याबरोबर एका छोट्या डबीत मूठभर फुटाणे, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, हे तो दोन तासांच्या मधे कुठेही खाऊ शकतो, १३-१४ ग्रॅम तिथेच मिळतात. डब्यात आठवड्यातून तीन-चारदा बटाट्याऐवजी मटकीची, चवळीची, हरभऱ्याची उसळ, एका वाटीत ७-८ ग्रॅम. रात्री आमटी वरची घेऊ नका, वाटीत डाळ दिसली पाहिजे इतकी घट्ट करा, आणि जेवताना वाटीभर दही. बेरीज करून बघा, ४५ च्या पुढे जाते. म्हणजे दिवसाचे ८०. अंडी चालत नसतील तर ३० ग्रॅम सुके सोया चंक्स भिजवून भाजीत घाला, त्यात १५ ग्रॅम असतात, नाहीतर ६० ग्रॅम पनीर. मटण-चिकन-मासे घरात होत असतील तर त्या दिवशी हिशोब करायचीच गरज नाही.

किमतीचं पण बघा. दोन किलोचा व्हेचा डबा पाच-सहा हजारांच्या घरात जातो, त्यात साधारण साठ स्कूप, म्हणजे एक स्कूप ९० रुपयांच्या आसपास आणि त्यात २४ ग्रॅम प्रोटीन. तेवढंच प्रोटीन चार अंड्यांत मिळतं, तीस-पस्तीस रुपयांत, आणि अंड्याबरोबर बी१२, जीवनसत्त्व ए, कोलीन, झिंक हेही येतं, ते स्कूपमध्ये तेवढं नसतं.

जेवणाचा आग्रह मी फक्त पैशासाठी धरत नाही. मुलाचं शरीर या वयात फक्त दंड बांधत नाही, हाडं बांधतंय. आयुष्यभर जी हाडं वापरायची त्यातला बहुतेक साठा विशीच्या आत भरतो, नंतर तो नुसता सांभाळायचा असतो. त्याला कॅल्शियम लागतं, दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आसपास, ते दूध-दही, नाचणी, तीळ, छोटे काट्यासकट खायचे मासे यातून येतं. रक्त वाढतंय त्याला लोह लागतं. पावडर पिऊन पोट भरलं की मुलगा रात्रीच्या भाकरीला, पालेभाजीला हात लावत नाही. म्हणजे एक गोष्ट भरायला गेलो आणि चार गोष्टी बाहेर गेल्या, हा जो अदलाबदलीचा तोटा आहे तो कुठल्याच डब्यावर लिहिलेला नसतो.

हे मी एका मुलाच्या बाबतीत महिन्यामहिन्याला मोजून बघितलंय. साधारण तुमच्या मुलासारखाच, १७ वर्षांचा, आला तेव्हा चार महिने मास गेनर घेत होता, सकाळ-संध्याकाळ मोठे दोन-दोन स्कूप. वजन ६ किलोने वाढलं होतं म्हणून खूश, पण पोट सारखं गुडगुडायचं, दिवसातून तीन-चारदा संडासला जावं लागायचं, चेहरा पाठ फोडांनी भरलेली, आणि रात्रीचं जेवण जवळजवळ बंद. मी टेप घेतली आणि मोजलं, त्याच्याकडे सुरुवातीची मापं वहीत होती. दंड अर्ध्या इंचाने वाढलेला आणि कंबर अडीच इंचांनी. सहा किलोतलं बरंचसं कुठे गेलं हे त्याला स्वतःला टेप बघूनच कळलं, मला काही बोलावं लागलं नाही. डबा बंद केला, वर सांगितलंय तसाच आहार दिला, संध्याकाळी जिमच्या आधी दोन केळी, येऊन एक ग्लास दुधात नाचणीचं सत्त्व आणि शेंगदाण्याचं कूट. दोन आठवड्यांत पोट शांत झालं, फोड दोन-तीन महिन्यांनी बरेच कमी झाले. पाच महिन्यांनी वजन फक्त २ किलोने वाढलेलं होतं पण दंड पाऊण इंच वाढला होता आणि कंबर एक इंचाने कमी. म्हणून सांगते, घरी दर महिन्याला एकाच दिवशी सकाळी दंड, छाती, कंबर मोजून लिहा. कंबर दंडापेक्षा वेगाने वाढत असेल तर वाढतेय ती चरबी, मग काटा काहीही दाखवू दे.

मास गेनर असं का करतं ते त्याच्या लेबलवरच असतं पण वाचायची पद्धत माहीत पाहिजे. पुढे मोठ्या अक्षरात प्रोटीन लिहिलेलं असतं, मागे १०० ग्रॅममागे बघा, प्रोटीन १५-२० ग्रॅम आणि कार्बोहायड्रेट ७० च्या पुढे. ते कार्बोहायड्रेट म्हणजे बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, स्टार्चपासून केलेली बारीक पावडर, रक्तातली साखर ती साखरेइतक्याच वेगाने चढवते पण लेबलवर ती ‘शुगर’च्या ओळीत मोजली जात नाही, त्यामुळे साखर कमी दिसते आणि आई निश्चिंत होते. १०० ग्रॅम गेनरच्या ३८०-४०० कॅलरी. आणि एक ग्लास म्हशीचं दूध, दोन केळी, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट मिक्सरला फिरवलं की ५५० ते ६०० कॅलरी आणि १७-१८ ग्रॅम प्रोटीन. आमच्याकडे तालमीत वस्ताद लोक पोरांना बदाम, दूध, तूप, केळी असा खुराक द्यायचे ते उगाच नाही, आधी भरपूर जेवण आणि वर खुराक असा क्रम होता, जेवणाऐवजी खुराक असं कुठल्याच वस्तादाने सांगितलं नाही.

आता साध्या व्हेबद्दल प्रामाणिकपणे सांगते. व्हे म्हणजे काही विष नाही, पनीर करताना जे पाणी सुटतं त्यातलंच प्रोटीन सुकवलेलं. निरोगी मुलाने कधी एक स्कूप घेतला म्हणून किडनी जात नाही, तसं घाबरवणं मला पटत नाही. तरी १८ च्या आत मी ते देत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्नायू वाढवायला प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच म्हटलंय, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे डब्यात काय आहे याची खात्री नाही. २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ७० टक्के पावडरींमध्ये लेबलवर लिहिलेलं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळलंच नाही, काहींत निम्मंच निघालं, आणि काही नमुन्यांत बुरशीचं विष आणि कीटकनाशकांचे अंश पण सापडले. हे कसं होतं ते पण समजून घ्या. प्रोटीन मोजायची नेहमीची चाचणी प्रत्यक्ष प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला एका आकड्याने गुणते. मग कोणी स्वस्तातलं ग्लायसिन किंवा टॉरिन मिसळलं तर नायट्रोजन वाढतो, कागदावर प्रोटीन वाढतं, पण स्नायूला लागतं ते मिळत नाही. घटकांच्या यादीत व्हेच्या मागोमाग ग्लायसिन, टॉरिन अशी नावं दिसली तर तो डबा तिथेच ठेवा. आणि जिममध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत ‘सुट्टं’ मिळणारं प्रोटीन तर हातात पण घेऊ नका, त्याला ना लेबल ना एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर.

क्रिएटिनचं म्हणाल तर मोठ्यांवर त्याचा भरपूर अभ्यास झालाय आणि ठरलेल्या प्रमाणात ते बऱ्यापैकी सुरक्षित दिसतं. पण १८ च्या आतल्यांवर अभ्यास फार थोडा आहे, म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही या वयात ते घेऊ नका असंच सांगते. शिवाय पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्रिएटिनने स्नायूंत पाणी धरून वजन एक-दोन किलो वाढतं, पोरांना वाटतं मसल आला. १६ व्या वर्षी शरीर स्वतःच टेस्टोस्टेरॉन वाढवत असतं, याच वयात व्यायाम, जेवण आणि आठ तास झोप एवढ्यावर जेवढी वाढ होते तेवढी पुढे पुन्हा फुकट होत नाही.

लिस्टमधली सगळ्यात मोठी काळजी मला प्री-वर्कआउटची आहे, ते आजच बंद. त्याच्या एका स्कूपमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असणं नेहमीचं आहे आणि या वयाच्या मुलांनी दिवसाला १०० च्या पुढे जाऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. आपल्या कपभर चहात तीस-चाळीस असतं, म्हणजे सहा-सात कप चहा एका दमात. शिवाय काही डब्यांवर ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ एवढंच लिहिलेलं असतं, आत कशाचं किती ते सांगत नाहीत, आणि परदेशात बंदी घातलेलं डीएमएए नावाचं उत्तेजक पूर्वी अशाच डब्यांत सापडलंय. मुलाच्या छातीत धडधड, हात थरथरणं, रात्री दोन वाजेपर्यंत झोप न येणं, सकाळी चिडचिड असं असेल तर आधी डबा कुठे आहे ते विचारा. छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडला तर थेट दवाखाना, आणि डबा बरोबर न्या, डॉक्टरला तो बघायला लागतो. एनर्जी ड्रिंकच्या कॅनवर तर मुलांसाठी नाही असं कायद्यानेच छापावं लागतं, तरी जिमच्या काउंटरवर पोरांना ते विकतात.

याच्या पुढची एक गोष्ट आहे ती आईवडिलांना माहीतच नसते म्हणून स्पष्ट लिहिते. मेफेंटरमाइन नावाचं इंजेक्शन आहे, ऑपरेशनच्या वेळी पेशंटचा बीपी खाली गेला की वर आणायला डॉक्टर वापरतात. ते व्यायामाआधी ‘स्टॅमिना’ म्हणून जिमच्या पोरांना विकताना आपल्या महाराष्ट्रात पोलिसांनी पुन्हा पुन्हा पकडलंय. हृदयाच्या ठोक्यांवर ते थेट परिणाम करतं आणि सवय लागते. तसंच ‘कोर्स’, ‘सायकल’, ‘सार्म्स’ हे शब्द घरात ऐकू आले तर तो विषय स्टेरॉइडचा किंवा स्टेरॉइडसारखंच काम करणाऱ्या औषधांचा आहे हे लक्षात घ्या. वाढीच्या वयात स्टेरॉइड घेतलं तर हाडांच्या टोकाला जिथून उंची वाढते ती जागा लवकर बंद होते, मुलगा तेवढ्याच उंचीवर थांबतो. अंडकोष लहान होणं, छाती मुलींसारखी वाढणं, अचानक खूप फोड आणि राग ही त्याची लक्षणं. मुलगा घरात शर्ट काढायचा टाळायला लागला, बॅगेत सुई दिसली, तर आरडाओरडा न करता त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या, अचानक बंद केल्यावर पण शरीराला त्रास होतो म्हणून डॉक्टरच्या देखरेखीखाली थांबवावं लागतं.

फॅट बर्नरच्या गोळ्या तुमच्या लिस्टमध्ये नाहीत पण उन्हाळ्यात ‘कटिंग’ सुरू झालं की येतील. त्यात कॅफिन तर असतंच, ग्रीन टीचा खूप तीव्र अर्क असतो, त्याने लिव्हरला इजा झालेल्या केसेस नोंदवलेल्या आहेत, आणि ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या बारीक होण्याच्या काही गोळ्यांत सिब्युट्रामिन सापडलेलं आहे, जे औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद केलंय. उंची वाढवायच्या पावडरीबद्दल एवढंच, हाडांची टोकं उघडी असतात तोपर्यंत उंची जेवणाने आणि झोपेने वाढते, बंद झाली की कशानेच नाही.

धाकटीचं वेगळं आहे, तिला गमीज नकोत पण तिच्याकडे दुर्लक्ष पण नको. गमीमध्ये साखर असते, लोह बहुतेक वेळा नसतंच, आणि १४ वर्षांच्या मुलीला सगळ्यात जास्त कमी पडतं ते लोहच. देशात १५ ते १९ च्या मुलींमध्ये निम्म्याहून जास्त जणींना रक्त कमी आहे. पाळी सुरू झाली असेल, जिना चढताना दम लागत असेल, केस गळत असतील, खडू-माती-बर्फ खावासा वाटत असेल तर हिमोग्लोबिन करून घ्या, १२ च्या खाली असेल तर डॉक्टर लोहाची गोळी देतील आणि ती घ्यायचीच. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पण घ्यायची, ती सप्लिमेंट असली तरी कमतरतेसाठी आहे, जिमच्या लिस्टसारखी नाही. तसंच शुद्ध शाकाहारी मुलांत बी१२ आणि घरातच बसणाऱ्यांत डी जीवनसत्त्व खरंच कमी निघतं, पण आधी तपासणी, मग डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे. डी चं ६० हजार युनिटचं पाकीट आठवड्याला एक असं ठराविक काळ घ्यायचं असतं, काही घरांत ते रोज दिलं जातं आणि मग रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, खूप तहान, किडनीला त्रास असं होतं.

जेवणात तिच्यासाठी एकच बदल आधी करा, जेवणानंतरचा चहा एक तासाने, कारण चहामुळे लोह शोषलं जात नाही, आणि पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा नाहीतर बरोबर आवळा-पेरू द्या, त्याने जास्त शोषलं जातं. हे मुलाला पण लागू.

आज संध्याकाळी त्या जिमच्या सरांना एकच विचारा की मुलाने दिवसभरात काय खाल्लं हे तुम्ही त्याला कधी विचारलंत का. तीन दिवसांचा कागद, मापं आणि मुलीचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट झाला की इथे टाका, मी बघून सांगते.